शेवटचा चहा किती वाजता? कॅफीनच्या अर्धायुष्यावरून आपली वेळ ठरवण्याची रीत

‘दुपारी चारनंतर चहा-कॉफी नको’ हा सल्ला सगळ्यांना सारखाच दिला जातो. पण रात्री साडेनऊला झोपणाऱ्या माणसाने चारला कडक फिल्टर कॉफी घेतली तर ती उशिराची ठरते. एक वाजता झोपणाऱ्याने त्याच वेळी अर्धा कप चहा घेतला तर बहुधा काहीच बिघडत नाही. घड्याळातला एकच आकडा सगळ्यांना लावता येत नाही, कारण शेवटच्या कपाची वेळ तीन गोष्टींवर ठरते. तुम्ही झोपता कधी, कपात कॅफीन किती आहे आणि तुमचं शरीर ते किती वेगाने काढून टाकतं. या तिन्ही गोष्टी घरच्या घरी बऱ्यापैकी अंदाजता येतात. त्यासाठी एक वही, चहाचा पुडा आणि थोडी टक्केवारी पुरते.

आधी अर्धायुष्य समजून घ्या

चहा-कॉफीतलं जवळजवळ सगळं कॅफीन प्यायल्यापासून पाऊण तासात रक्तात उतरतं. साधारण अर्ध्या ते एका तासात त्याचं रक्तातलं प्रमाण सर्वांत वर जातं आणि तिथून उतार सुरू होतो. उतरण्याचं बहुतेक काम यकृत करतं. रक्तातलं कॅफीन निम्म्यावर यायला जो वेळ लागतो ते त्याचं अर्धायुष्य. निरोगी प्रौढ माणसात ते सरासरी ५ तास असतं. मात्र माणसामाणसात ते दीड तासापासून साडेनऊ तासांपर्यंत बदलतं आणि पुढचा सगळा हिशेब या फरकावरच फिरतो.

दुपारी चारला १०० मिलिग्रॅम कॅफीन पोटात गेलं आणि तुमचं अर्धायुष्य ५ तासांचं असेल, तर रात्री नऊला ५० उरतं, पहाटे दोनला २५ आणि सकाळी सातला साडेबारा. इथे एक गैरसमज हमखास होतो. पाच तासांत निम्मं गेलं म्हणजे दहा तासांत सगळं जाईल, असं वाटतं. तसं होत नाही, कारण दुसऱ्या पाच तासांत उरलेल्याचं निम्मं जातं, मूळ आकड्याचं नाही. म्हणून शेपूट लांब राहतं.

दुसरा गैरसमज यापेक्षा महत्त्वाचा आहे. ‘मी कॉफी पिऊनही पडल्या पडल्या झोपतो, मला काही होत नाही.’ दिवसभर जागेपणी मेंदूत ॲडेनोसिन नावाचा पदार्थ साठत जातो आणि तो मेंदूतल्या ठरावीक जागांवर बसला की झोपेचा दाब जाणवू लागतो. कॅफीन त्याच जागा अडवून बसतं. दाब साठलेलाच असतो, फक्त कळत नाही. दिवसभर दमलेल्या माणसाला त्यातूनही झोप लागते, पण ती विरळ लागते. गाढ झोपेचा वाटा घटतो आणि मध्येच जाग येते. २०१३ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात झोपण्याच्या ६ तास आधी ४०० मिलिग्रॅम कॅफीन दिलं, तरी झोप तासाभराहून जास्त घटली. यंत्राने ही घट पकडली, पण झोपणाऱ्यांच्या स्वतःच्या नोंदीत ती तितकी उमटली नव्हती. तेव्हा झोप लागते की नाही यावर वेळ ठरवू नका. ४०० मिलिग्रॅम म्हणजे चार-पाच कप फिल्टर कॉफी एकदम, हेही लक्षात असू द्या. एक कप चहा इतका त्रास देत नाही.

पायरी १ : तुमच्या कपात किती, हे मोजा

राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या आहार मार्गदर्शिकेत १५० मिलिलिटरच्या कपाचे आकडे दिले आहेत. चहात ३० ते ६५ मिलिग्रॅम कॅफीन, इन्स्टंट कॉफीत ५० ते ६५ आणि ताज्या पावडरीच्या गाळलेल्या कॉफीत ८० ते १२०. दिवसाची मर्यादा ३०० मिलिग्रॅम सांगितली आहे. पण चहाच्या ३० आणि ६५ मध्ये दुपटीहून जास्त अंतर आहे. तुमच्या घरचा चहा त्यात कुठे बसतो हे शोधायला हवं.

त्याची सोपी युक्ती अशी. चहा पावडरीचा नवा पुडा फोडाल त्या दिवशी त्यावर तारीख लिहा आणि संपला की दिवस मोजा. समजा चौघांच्या घरात ५०० ग्रॅमचा पुडा १८ दिवस गेला. प्रत्येकी दोन कप, शिवाय कामाच्या बाई आणि येणारे-जाणारे धरून रोजचे ११ कप. म्हणजे १८ दिवसांत साधारण २०० कप झाले आणि एका कपाला अडीच ग्रॅम पावडर लागली. कोरड्या चहात वजनाच्या साधारण २ ते ४ टक्के कॅफीन असतं. ३ टक्के धरले तर अडीच ग्रॅममध्ये ७५ मिलिग्रॅम होतं. उकळताना त्यातलं बरंचसं पाण्यात उतरतं, थोडं चोथ्यात आणि चोथ्याने धरून ठेवलेल्या पाण्यात राहतं. ८० टक्के उतरलं असं धरलं तर कपाला ६० मिलिग्रॅम. हा आकडा अगदी नेमका नाही, पण मोजायला लागण्याइतका पक्का नक्कीच आहे.

चहा हलका करायचा म्हणून कमी उकळण्याचा काही उपयोग होत नाही. कॅफीन गरम पाण्यात पटकन उतरतं, विशेषतः आपल्याकडच्या बारीक दाण्याच्या सीटीसी पावडरीतून. पहिल्या दोन-तीन मिनिटांतच त्याचा मोठा भाग बाहेर येतो. पुढे उकळत ठेवल्याने रंग आणि तुरटपणा वाढतो. म्हणून रंग बघून कॅफीनचा अंदाज करू नका. दूध, साखर, आलं, वेलदोडा यांनी कॅफीन कमी होत नाही. दुधाने फक्त तुरटपणा झाकला जातो. ते कमी करायचा खात्रीचा उपाय एकच, डब्यातून पातेल्यात पडणारी पावडर कमी करणं किंवा कप लहान घेणं. टपरीवरचं कटिंग याच कारणाने बरं पडतं. चहा कडक असला तरी तो अर्धाच असतो, म्हणून त्याला ४० मिलिग्रॅम धरायला हरकत नाही. ज्या टपरीवर तेच पातेलं दिवसभर चुलीवर असतं आणि जुन्या चोथ्यावर नवी पावडर पडत राहते, तिथे ५० धरा.

फिल्टर कॉफीचा हिशेब थोडा वेगळा आहे. पाकिटावर कॉफी आणि चिकोरीचं प्रमाण छापलेलं असतं. चिकोरीत कॅफीन नसतं, त्यामुळे तो भाग वजा करायचा. समजा फिल्टरमध्ये २० ग्रॅम पावडर घातली आणि ती ८०:२० ची आहे. म्हणजे खरी कॉफी १६ ग्रॅम. अरेबिकामध्ये साधारण १.२ टक्के आणि रोबस्टामध्ये २.२ टक्के कॅफीन असतं. दोन्हींचं मिश्रण असेल तर १.७ धरा. म्हणजे अख्ख्या डिकॉक्शनमध्ये २७० मिलिग्रॅमच्या आसपास. त्यातून तीन कप निघत असतील तर प्रत्येकी ९०. पहिलं घट्ट डिकॉक्शन एकट्याने घेतलं तर हा आकडा अर्थातच वर जातो. इन्स्टंट कॉफीच्या चमचाभर, म्हणजे २ ग्रॅम पावडरीत ६० मिलिग्रॅम धरा. पाकिटावर ३० टक्के चिकोरी लिहिली असेल तर ४०.

आता लपलेलं कॅफीन. ग्रीन टी ही त्याच झाडाची पानं, तिच्यात कॅफीन असतंच. डिकॅफ कॉफीत अगदी शून्य नसतं, कपामागे काही मिलिग्रॅम राहतात, पण ते विसरलं तरी चालेल. २५० मिलिलिटरच्या एनर्जी ड्रिंकच्या डब्यात साधारण ७५ ते ८० असतं, डब्यावर लिहिलेलंच असतं. सगळ्यांत जास्त नजरेतून सुटते ती डोकेदुखीची गोळी. औषधाच्या पट्टीवर घटकांत ‘कॅफीन’ किंवा ‘कॅफीन अनहायड्रस’ लिहिलंय का बघा. असल्यास एका गोळीतून कपभर चहाइतकं कॅफीन जाऊ शकतं, आणि अशी गोळी बहुतेकदा संध्याकाळीच घेतली जाते.

पायरी २ : तुमचं अर्धायुष्य कोणत्या बाजूला झुकतं

हे घरी नेमकं मोजता येत नाही. पण ते कशाने लांबतं आणि कशाने आखूडतं हे चांगलं ठाऊक आहे. यकृतात सीवायपी१ए२ नावाचं एक विकर कॅफीन फोडतं. हे विकर मंदावलं की अर्धायुष्य लांबतं, चढलं की आखूडतं. ते मुळात किती चपळ आहे यात आनुवंशिकतेचा हात असतोच. म्हणून एकाच घरात रात्री जेवणावर कॉफी पिणारे आजोबा आणि दुपारच्या चहाने रात्रभर कुशी बदलणारी आजी दोघंही खरं सांगत असतात.

गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या स्त्रियांमध्ये अर्धायुष्य साधारण दुप्पट होतं, म्हणजे १० तासांच्या घरात जातं. गरोदरपणात ते महिन्यागणिक वाढत जातं आणि शेवटच्या तिमाहीत १५ तासांच्या आसपास पोचतं. तेव्हा पूर्वीइतकाच चहा घेतला तरी आदल्या दिवसाचं कॅफीन दुसऱ्या सकाळी अंगात असतं. गरोदरपणात दिवसाला २०० मिलिग्रॅमच्या आत राहा असं बहुतेक आरोग्यसंस्था सांगतात, आणि ते सगळं सकाळच्या वेळेतच बसवलेलं बरं. यकृताच्या आजारातही अर्धायुष्य लांबतं. काही औषधं हे विकर अडवतात. सिप्रोफ्लॉक्सॅसिन हे प्रतिजैविक त्यातलं एक. फ्लुवॉक्सामिन हे मनोविकारांवरचं औषध तर ते फारच अडवतं. अशी औषधं चालू असताना छातीत धडधड किंवा झोपमोड झाली तर औषध मनाने थांबवायचं नाही. चहा-कॉफी कमी करायची आणि डॉक्टरांना सांगायचं.

उलट बाजूला विडी-सिगारेट आहे. धुरातल्या घटकांनी हे विकर चढतं आणि ओढणाऱ्याचं कॅफीन बरंच लवकर उतरतं. हे विशेष सांगायचं कारण म्हणजे सिगारेट सोडणारा माणूस. धूर थांबला की काही दिवसांतच विकर पूर्ववत मंद होतं. चहा मात्र तितकाच चालू असतो, बहुधा सिगारेटच्या तलफेवर उतारा म्हणून वाढलेलाच असतो. मग चिडचिड, अस्वस्थता, झोप नाही. हे सगळं निकोटिन सुटल्यामुळे होतंय असं वाटतं, पण त्यातला एक भाग दुप्पट वेळ अंगात राहणाऱ्या चहाचा असतो. सिगारेट सोडताना चहाही निम्म्यावर आणला तर तो काळ पुष्कळ सुसह्य होतो. ही गोष्ट सोडणाऱ्यांना फार कमी वेळा सांगितली जाते.

तुम्हाला यातलं काही लागू नसेल तर ५ तास धरा. झोप मुळातच हलकी असेल किंवा कॉफीने हात थरथरणं तासन्तास टिकत असेल तर ८ तास धरून चला. गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर १०.

पायरी ३ : झोपेच्या वेळी किती उरलंय, ते काढा

प्यायलेल्या प्रत्येक कपातलं झोपेच्या वेळी किती टक्के उरतं, ते या तक्त्यात आहे.

| किती तास झाले | अर्धायुष्य ५ तास | अर्धायुष्य ८ तास |
|---|---|---|
| २ | ७६ टक्के | ८४ टक्के |
| ४ | ५७ | ७१ |
| ६ | ४४ | ५९ |
| ८ | ३३ | ५० |
| १० | २५ | ४२ |
| १२ | १९ | ३५ |
| १६ | ११ | २५ |

आता एक नेहमीचा दिवस घेऊ. झोप रात्री अकराला. सकाळी सातला घरचा कपभर चहा, ६० मिलिग्रॅम. अकराला ऑफिसच्या खाली कटिंग, ४०. संध्याकाळी पाचला पुन्हा कपभर चहा, ६०. सातला घरी पोचल्यावर फिल्टर कॉफी, ९०. दिवसाची बेरीज २५०, म्हणजे मर्यादेच्या आतच.

अर्धायुष्य ५ तास असेल तर रात्री अकराला सकाळच्या चहातलं ७, कटिंगमधलं ८, पाचच्या चहातलं २६ आणि सातच्या कॉफीतलं ५१ उरतं. एकूण ९२ मिलिग्रॅम. म्हणजे हा माणूस जणू फिल्टर कॉफीचा ताजा कप पिऊन अंथरुणावर आडवा होतो. त्याला स्वतःला वाटतं, कॉफी पिऊन चार तास झाले, आता काय उरलं असणार. अर्धायुष्य ८ तास असेल तर हाच दिवस १२८ वर जातो, वर आदल्या रात्रीचे पंधरा-सोळा मिलिग्रॅम शिल्लक असतातच.

किती उरलेलं चालेल? याला एकच पक्की रेषा नाही, पण अभ्यासांतून एक पट्टा दिसतो. २०२३ साली झालेल्या एका मोठ्या आढाव्यात १०७ मिलिग्रॅमची कॉफी झोपेच्या निदान ८.८ तास आधी घ्यावी असं निघालं आणि २१७ मिलिग्रॅमच्या व्यायामापूर्वीच्या पेयाला १३.२ तास लागले. वरच्याच रीतीने ५ तासांचं अर्धायुष्य लावून बघितलं, तर दोन्ही ठिकाणी झोपताना साधारण ३० ते ३५ मिलिग्रॅम उरतं. त्यानंतर तरुण पुरुषांवर झालेल्या एका चाचणीत १०० मिलिग्रॅम झोपेच्या ४ तास आधी घेतलं तरी फारसं बिघडलं नाही. तिथे हिशेबाने ५७ उरतं. तेव्हा ४० मिलिग्रॅमच्या आत राहायचं हे लक्ष्य रास्त आहे. झोप तुटक असेल किंवा वय वाढलं असेल तर ३०. तरुण आणि गाढ झोपणाऱ्याला ५५ पर्यंत सूट द्यायला हरकत नाही.

आता त्याच माणसाचा दिवस बदलू. चहा सोडायचा नाही, फक्त जागा बदलायच्या. दिवसातला सर्वांत जड कप, म्हणजे कॉफी, अकराच्या कटिंगच्या जागी आणू आणि सातचा कप बंद करू. पाचचा चहा तसाच ठेवला तर उरलेलं ७, १७ आणि २६, मिळून ५०. एका बदलात ९२ वरून ५० वर. अजून खाली यायचं तर पाचच्या कपाऐवजी तीनला कटिंग घ्यायचं. मग ७, १७ आणि १३, मिळून ३७. म्हणजे या माणसाची शेवटची वेळ दुपारी तीन, आणि तीही कटिंगपुरती.

अर्धायुष्य ८ तास असलेल्याला हाच दिवस ६७ वर ठेवतो, म्हणजे पुरत नाही. त्याला कॉफी सकाळी सातला घ्यावी लागेल आणि कटिंग अकराला, नंतर काही नाही. तेव्हा कुठे उरलेलं ३७ होतं. झोपेची वेळ तीच, लक्ष्यही तेच, पण एकाची हद्द तीनला आणि दुसऱ्याची अकराला. दोघांनी एकमेकांचा सल्ला ऐकला तर दोघंही फसतील.

पहाटे पाचला उठून साडेनऊला झोपणारे सगळं दीड तास अलीकडे ओढतील. रात्रपाळी करून सकाळी आठला झोपणाऱ्याने घड्याळ उलटं लावायचं. कपभर चहा पाळीच्या सुरुवातीला, कटिंग मध्यरात्री बाराच्या सुमारास आणि पहाटेचा चहा टाळायचा. रात्रपाळीत सगळ्यात मोह होतो तो पहाटे चारच्या कपाचा, आणि नेमका तोच सकाळची झोप खातो.

पायरी ४ : दोन आठवडे वहीत लिहा

हिशेब अंदाजाचा आहे, म्हणून त्याची परीक्षा स्वतःवर घ्यावी लागते. पहिल्या आठवड्यात काहीही बदलू नका. रोज चारच गोष्टी लिहा : शेवटचा कप कधी आणि कोणता, दिवा कधी मालवला, रात्री किती वेळा जाग आली आणि उठल्यावर अंग ताजं होतं की जड. दुसऱ्या आठवड्यात फक्त शेवटच्या कपाची वेळ बदला आणि तेच लिहीत राहा. याच आठवड्यात मोबाइल बाहेर ठेवणं, लवकर जेवणं, व्यायाम सुरू करणं असं काही जोडू नका, नाहीतर फरक कशाने पडला ते कळणार नाही. एका रात्रीवरून निकाल लावायचा नाही. पाच-सहा रात्री एकत्र बघायच्या.

वहीत एक फसवी नोंद येऊ शकते. रात्री लघवीसाठी जाग येते आणि तिचा दोष कॅफीनवर जातो. संध्याकाळनंतर प्यायलेलं पाणी, ताक, सूप हेही कारण असू शकतं. कॅफीन आवरूनही दोन-तीनदा उठावं लागत असेल, जोरात घोरणं असेल किंवा पुरेसं झोपूनही दिवसा डोळे मिटत असतील, तर कपाचा हिशेब पुढे ताणू नका, डॉक्टरांकडे जा. उलट फरक दिसला, तर हद्द अर्ध्या-अर्ध्या तासाने पुढे सरकवून बघता येते. जिथे जाग परत वाढते तिथून तासभर मागे या. तीच तुमची वेळ.

संध्याकाळच्या जागेत काय ठेवायचं

सातची कॉफी बंद झाली की तिथे भोक पडतं, कारण तो कप घरी आल्याची खूण असतो. गरम काहीतरी हातात लागतं. गवती चहा आणि आलं पाण्यात पाच मिनिटं उकळून दूध-गूळ घाला, चहा पावडर मात्र घालू नका. गवती चहाच्या नावात चहा असला तरी त्यात कॅफीन नसतं. सुंठेचा काढा किंवा हळदीचं दूधही चालेल. ‘रंग यावा म्हणून चिमूटभर पावडर’ या सवयीकडे लक्ष ठेवा. चिमूट महिन्याभरात पुन्हा चमचा होते. कोको आणि डार्क चॉकलेटमध्ये थोडं कॅफीन असतं, मोठी वडी असेल तरच ते मोजा.

पाहुणे म्हणून गेल्यावर चहाला नाही म्हणणं आपल्याकडे जड जातं. तिथे ‘मला अर्धाच द्या’ हे वाक्य हिशेबाच्याही कामाचं आहे. सहा वाजता साठाऐवजी तीस मिलिग्रॅम गेले तर झोपताना पंधरा-सोळाच उरतात. त्या दिवशी आधीचा एखादा कप गाळला असेल तर काहीही बिघडत नाही.

कमी करताना काय चुकतं

सर्वांत मोठी चूक म्हणजे सोमवारपासून एकदम बंद. रोज अडीचशे मिलिग्रॅमची सवय असलेल्याला शेवटच्या कपानंतर १२ ते २४ तासांत डोकं दुखायला लागतं, दुसऱ्या दिवशी ते सर्वांत जास्त दुखतं आणि दोन दिवसांपासून आठवडाभरापर्यंत रेंगाळू शकतं. सोबत सुस्ती, चिडचिड, कामात लक्ष नाही. बहुतेक जण इथेच हरतात आणि ‘मला चहाशिवाय जमत नाही’ असा निष्कर्ष काढतात.

म्हणून आधी जागा बदला, मग प्रमाण घटवा. पहिले चार दिवस एकूण कॅफीन तेवढंच ठेवून फक्त जड कप सकाळकडे न्या. मग संध्याकाळच्या कपातली पावडर पाव भागाने कमी करा. चार दिवसांनी आणखी पाव. यासाठी चमचा ठरवून घ्या आणि तो डब्यातच ठेवा, कारण ‘अंदाजे कमी’ म्हणत हात पुन्हा जुन्या मापावर जातो. दोन-तीन आठवड्यांत कप सुटतो आणि डोकंही धरत नाही. घरात सगळ्यांचा चहा एकाच पातेल्यात होत असेल, तर तुमच्या वाट्याचं पाणी आणि दूध वेगळ्या भांड्यात गरम करून त्यात तयार चहा अर्धाच मिसळा. बाकीच्यांचा कप बदलत नाही, त्यामुळे घरात कुरकुर होत नाही.

उशिरा झोपलेल्या रात्रीनंतरची सकाळही सांभाळावी लागते. झोप कमी झाली म्हणून दुपारी एक कप वाढतो, त्याने ती रात्रही विरळ जाते आणि चक्र सुरू होतं. अशा दिवशी वाढीव कप घ्यायचाच असेल तर तो दुपारच्या जेवणाआधी घ्या आणि तीनला वीस मिनिटं डोळे मिटा. आणि कमी करण्याच्या या दिवसांत डोकं दुखलं, तर गोळी घेण्याआधी पट्टी उलटून घटक वाचा. कॅफीन असलेली गोळी संध्याकाळी घेतली तर दुखणं पटकन थांबतं, कारण सुटत आलेली मात्राच परत मिळालेली असते, आणि सोडलेला सातचा कप त्या गोळीतून पोटात जातो.